सोप्या व्हिएतनामी भाषेतील ‘बाजारातली सकाळ’: मध्यम पातळीच्या वाचकाने ही गोष्ट कशी वाचावी

व्हिएतनामी भाषेचे वर्षभराचे शिक्षण झाले, हजारेक शब्द ओळखीचे झाले, की वाचक पहिल्यांदा एखादी छोटी गोष्ट हातात घेतो, आणि बहुतेकदा ती बाजाराची असते, कारण भाज्यांची नावे, आकडे आणि खरेदीची वाक्ये त्याला धड्यांमधून पाठ झालेली असतात. तरीही अशा गोष्टीत तो अडतो, आणि अडण्याचे कारण क्वचितच एखादा अनोळखी शब्द असतो. प्रत्येक शब्दाचा अर्थ माहीत असूनही कोण कोणाला काय म्हणाले हेच त्याला सांगता येत नाही. व्हिएतनामी क्रियापद कर्त्यानुसार बदलत नाही. मराठीत ‘देते’, ‘देतोस’, ‘देतात’ यावरून जे आपोआप कळते, ते तेथे नात्याच्या शब्दांवरून आणि वाक्याच्या शेवटी येणाऱ्या एकाक्षरी शब्दांवरून ओळखावे लागते. ही ओळख कशी करावी हे दाखवण्यासाठी हानोईच्या बाजूच्या एका लहान बाजारातली गोष्ट मी येथे मुद्दाम सोप्या भाषेत लिहिली आहे. ती तीन तुकड्यांत आहे. मराठी अर्थाकडे न जाता ती आधी एकदा सलग वाचावी.

```
Năm giờ rưỡi sáng, trời còn tối. Lan theo bà ngoại đi chợ.
Ở đầu chợ, một cô bán rau đang xếp mấy mớ rau muống.
```

```
– Rau muống bao nhiêu một mớ hả cô?
– Dạ, mười nghìn ạ. Bà mở hàng cho cháu đi!
– Tám nghìn được không?
– Sáng sớm cháu không nói thách đâu. Bà lấy hai mớ, cháu bớt cho hai nghìn.
– Ừ, thế cho bà hai mớ.
Lan đưa tờ hai mươi nghìn. Cô bán rau trả lại hai nghìn.
```

```
– Cháu gái bà đấy ạ? Cháu mấy tuổi rồi?
– Cháu mười tuổi ạ.
– Ngoan quá! Cô cho cháu thêm mấy nhánh hành nhé.
Trời sáng dần. Lan một tay xách rau, một tay nắm tay bà.
```

पुढे व्हिएतनामी शब्द मी देवनागरीत लिहिणार आहे, मात्र देवनागरीत सूर दाखवता येत नाहीत, त्यामुळे प्रत्येक शब्द वरच्या मजकुरात शोधून, त्याच्या चिन्हांसह पाहूनच पुढे जावे.

पहिली पायरी: शब्द जोडून घेणे

व्हिएतनामी लिखाणात मोकळी जागा दोन अक्षरगटांमध्ये सोडलेली असते, दोन शब्दांमध्ये नव्हे. त्यामुळे डोळ्यांना जे दोन शब्द दिसतात ते पुष्कळदा एकच असतात. पेन्सिल घेऊन पहिल्या वाचनात अशा जोड्यांखाली एकसंध रेघ ओढावी. या गोष्टीत ‘राउ मुओंग’ ही एक भाजी आहे, पाण्यात वाढणारी, पोकळ देठांची, जिला आपल्याकडे नाळीची भाजी म्हणतात. ‘राउ’ म्हणजे भाजी एवढे माहीत असले की ही जोडी सहज सापडते. ‘बा न्गोआइ’ म्हणजे आईची आई. यातील दुसऱ्या शब्दाचा मूळ अर्थ ‘बाहेरचा’ असा आहे, आणि वडिलांच्या आईसाठी ‘आतला’ या अर्थाचा शब्द लावतात. मराठीत दोघीही आजीच असल्यामुळे हा तपशील आपल्याकडून सहज सुटतो, पण गोष्टीतली मुलगी लान जिच्याबरोबर बाजारात निघाली आहे ती आजी आईकडची आहे, एवढे गोष्टीने पहिल्याच ओळीत सांगून टाकलेले असते.

सर्वांत फसवी जोडी दुसऱ्या तुकड्यातील ‘मअ हांग’ ही आहे. तिचे दोन्ही भाग वाचकाला माहीत असतात: ‘मअ’ म्हणजे उघडणे आणि ‘हांग’ म्हणजे माल. दोन्ही वेगळे वाचले तर भाजीवाली आजीला ‘माझ्यासाठी माल उघडा’ असे म्हणते आहे असा अर्थ निघतो, आणि तो गोष्टीत कोठेच बसत नाही. ओळखीच्या शब्दांतून असा न बसणारा अर्थ निघाला, तर जोडी तुटली असे समजावे आणि शब्दकोशात दोन्ही अक्षरगट एकत्र शोधावेत. ‘मअ हांग’ म्हणजे आपली भवानी, दिवसाची पहिली विक्री. मराठी वाचकाला हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही, कारण ‘अजून भवानी झाली नाही’ हे वाक्य आपल्या बाजारातही सकाळी ऐकू येते. व्हिएतनाममध्येही पहिले गिऱ्हाईक सहजपणे घेऊन गेले तर दिवस चांगला जातो असे मानतात. घासाघीस करून काही न घेताच ते निघून गेले, तर काही विक्रेत्या अपशकुन घालवण्यासाठी कागदाचा तुकडा पेटवतात. हे माहीत असले की चौथ्या संवादाच्या सुरुवातीला आलेले ‘सांग सअम’, म्हणजे ‘भल्या सकाळी’, हे शब्द केवळ वेळ सांगत नाहीत हे लक्षात येते. अजून भवानी व्हायची आहे, अशा वेळी मी वाढवून भाव सांगेन का, असे ती म्हणते आहे. ‘नोइ थाइक’ ही जोडीही अशीच आहे. ‘बोलणे’ आणि ‘आव्हान’ या दोन शब्दांपासून ती बनली आहे आणि तिचा अर्थ घासाघीस होणार हे धरून भाव चढवून सांगणे असा होतो.

दुसरी पायरी: बोलणारा ओळखणे

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा. ‘चाउ’ हा शब्द तिन्ही तुकड्यांत शोधावा. तो सात वेळा आला आहे, पहिल्या तुकड्यात एकदाही नाही, दुसऱ्यात तीनदा आणि तिसऱ्यात चारदा. नातवंड, भाचरे आणि पुतणे या सर्वांसाठी हा एकच शब्द आहे, आणि तोच सर्वनामासारखाही वापरला जातो. माझ्याबरोबर वाचणाऱ्या एका मैत्रिणीने पहिल्या वाचनानंतर खात्रीने सांगितले होते की भाजी विकणारी ही शाळकरी मुलगी असावी, कारण ती स्वतःला ‘चाउ’ म्हणवते. तिचा तर्क चुकीचा असला तरी स्वाभाविक होता, आणि तो कोठे चुकला हे पाहिले की सगळी व्यवस्था उलगडते.

व्हिएतनामी माणूस बोलताना आधी समोरच्याचे वय आणि आपले वय यांची तुलना करतो, दोघांमध्ये एक नाते कल्पितो, आणि त्या नात्यातील आपल्या जागेचे नाव ‘मी’ म्हणून व समोरच्याच्या जागेचे नाव ‘तू’ किंवा ‘तुम्ही’ म्हणून वापरतो. यातील अर्धा भाग आपल्या परिचयाचा आहे. लहान मुलाशी बोलताना मराठी बाई ‘थांब हं, मावशी देते तुला’ असे म्हणते आणि ती मावशी म्हणजे ती स्वतःच असते. उरलेला अर्धा भाग मात्र आपल्याकडे नाही, कारण मराठीत नात आजीशी बोलताना ‘नातीला भूक लागली’ असे म्हणत नाही. व्हिएतनामीत ती तसेच म्हणते, आणि पस्तीस-चाळीस वर्षांची भाजीवालीही सत्तरीच्या गिऱ्हाइकासमोर स्वतःला ‘चाउ’ म्हणते. दुसऱ्या तुकड्यातील तिन्ही ‘चाउ’ म्हणजे भाजीवालीचे ‘मी’ आहेत.

आता हातात तीन रंगांच्या पेन्सिली घ्याव्यात, आजीसाठी एक, भाजीवालीसाठी एक आणि लानसाठी एक. व्हिएतनामी गोष्टीत प्रत्येक बोलण्याआधी आडवी रेघ असते आणि ‘ती म्हणाली’ असे बहुधा लिहिलेले नसते, म्हणून आधी रेघांवरून बोलणारे वाटून घ्यावेत. दुसऱ्या तुकड्यात पाच रेघा आहेत. पहिली ओळ भाव विचारते, म्हणजे ती गिऱ्हाइकाची, आणि तेथून एकाआड एक जावे. मग प्रत्येक नात्याच्या शब्दाखाली त्या व्यक्तीच्या रंगाची रेघ ओढावी. त्या शब्दाचा शब्दकोशातला अर्थ या टप्प्यावर पाहू नये. पहिल्या ओळीच्या शेवटचा ‘को’ म्हणजे भाजीवाली. दुसऱ्या ओळीतील ‘बा’ म्हणजे आजी आणि ‘चाउ’ म्हणजे भाजीवाली. पाचव्या ओळीतील ‘बा’ येथे वाचक पुन्हा थबकतो, कारण बोलणारी आजी आहे आणि ‘बा’ हीही आजीच, त्यामुळे ‘आजीला दोन जुड्या दे’ हे कोणी तिसऱ्याच आजीसाठी मागितले आहे असे वाटते. येथे ‘बा’ म्हणजे ‘मला’.

या एका शब्दात गोष्टीतला एक बारीक प्रसंग आहे. आजीने सुरुवात ‘को’ या संबोधनाने केली. ‘को’ म्हणजे मूळची आत्या, पण मध्यमवयीन बाईला हाक मारताना तो शब्द सर्रास वापरतात. त्यात आदर आहे आणि थोडे अंतरही आहे. भाजीवालीने मात्र लगेच स्वतःला ‘चाउ’ म्हणवून घेतले, म्हणजे नातीची जागा घेतली. सौदा पटल्यावर आजी स्वतःला ‘बा’ म्हणते, म्हणजे देऊ केलेले नाते ती स्वीकारते. मराठी भाषांतरात हे सर्व ‘बरं, मग दे दोन जुड्या’ एवढ्यात विरून जाते, आणि म्हणून हे वाचन मूळ भाषेतच करायला हवे.

तिसऱ्या तुकड्याची पहिली ओळ ही या गोष्टीची खरी परीक्षा आहे. तेथे एकाच रेघेनंतर दोन प्रश्न आहेत आणि दोन्ही ‘चाउ’ने सुरू होतात. भाजीवाली पहिला प्रश्न आजीला विचारते, ‘ही तुमची नात का?’, आणि दुसरा लानला, ‘तुझे वय किती?’. मध्ये ती कोणाकडे वळली हे लिहिलेले नाही, तरी दोन खुणा ते सांगतात. पहिली खूण म्हणजे पहिल्या प्रश्नाच्या शेवटचा ‘आ’, ज्याच्या खाली टिंब आहे. हा शब्द धाकट्याकडून थोरल्याकडे जातो, थोरल्याकडून धाकट्याकडे सहसा येत नाही. पहिल्या प्रश्नात तो आहे, दुसऱ्यात नाही. पुढच्याच ओळीत लान उत्तर देताना तो वापरते, आणि भाजीवाली तिला हिरवा कांदा देताना त्याऐवजी शेवटी ‘न्ये’ म्हणते, जो मराठीतल्या ‘हं’सारखा मऊ आहे. ‘आ’ आढळला तर समोरचा थोरला आहे हे जवळजवळ निश्चित धरावे. मात्र तो नसल्यावरून उलट निष्कर्ष काढू नये, कारण बोलण्याच्या ओघात प्रत्येक वाक्याला तो लावत नाहीत. भाजीवालीने भाव सांगताना आजीला ‘आ’ लावला आणि पुढच्या वाक्यांत लावला नाही, तरी तिचा आदर कमी झालेला नाही.

म्हणून दुसरी खूण उपयोगी पडते, आणि ती म्हणजे ‘मइ’ हा शब्द. ‘किती’ विचारण्यासाठी व्हिएतनामीत दोन शब्द आहेत. उत्तराचा आकडा लहान अपेक्षित असेल, साधारण दहाच्या आसपास किंवा खाली, तर ‘मइ’ वापरतात, आणि मोठा असेल तर ‘बाओ न्यिएउ’. भाव विचारताना आजीने दुसरा वापरला. वय ‘मइ’ने विचारले आहे, म्हणजे समोर लहान मूल आहे. आजीला कोणी असे विचारणार नाही. हाच ‘मइ’ साध्या विधानात आला तर त्याचा अर्थ ‘काही, थोडे’ असा होतो. पहिल्या तुकड्यातील भाजीच्या काही जुड्या आणि तिसऱ्यातील कांद्याच्या पातीच्या थोड्या काड्या अशाच आल्या आहेत.

आता रंग मोजावेत. सात ‘चाउ’पैकी तीन भाजीवालीचे आणि चार लानचे निघायला हवेत. लानच्या चारांपैकी एकदा तो शब्द ‘नात’ या अर्थाने आहे, दोनदा ‘तू’ आणि एकदा ‘मी’. हिशेब जुळला नाही तर बहुधा तिसऱ्या तुकड्याची पहिली ओळ एकाच व्यक्तीला उद्देशून धरलेली असते.

तिसरी पायरी: पैशांचा हिशेब

बाजाराच्या गोष्टीत आपल्याला कळले की नाही हे तपासण्याचे सर्वांत प्रामाणिक साधन म्हणजे पैसे. भाजीवाली म्हणते की दोन जुड्या घ्या, दोन हजार कमी करते. हे दोन हजार एका जुडीमागे की एकूण रकमेत, हे वाक्यावरून ठरत नाही. आजीने प्रत्येकी आठ हजार मागितले होते, त्यामुळे जुडीमागे सूट मिळाली असती तर दोन जुड्या सोळा हजारांना पडल्या असत्या आणि वीस हजारांच्या नोटेतून चार हजार परत आले असते. गोष्टीत दोनच हजार परत आले, म्हणजे सूट एकूण रकमेत होती, दोन जुड्या अठरा हजार डाँगना गेल्या, आणि भाजीवालीने आजीची मागणी अर्धीच मान्य केली. असा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय ‘मला गोष्ट कळली’ असे म्हणू नये.

आकड्यांत दोन ठिकाणी पाय घसरतो. ‘दहा’ आणि ‘वीस’मधील ‘दहा’ यांच्या अक्षरांत फक्त सुराच्या चिन्हाचा फरक आहे: एकट्या दहावर उतरते चिन्ह असते, आणि वीस, तीस यांच्या जोडीत ते गळून पडते. ‘रुओइ’ म्हणजे अर्धा, आणि तो नेहमी आपल्या लगेच आधीच्या एककाचा अर्धा असतो. वेळेपुढे आला तर अर्धा तास, म्हणून पहिली ओळ साडेपाचची आहे, आणि दोनशेपुढे आला तर शंभराचा अर्धा, म्हणजे अडीचशे. आपल्या ‘अडीचशे’ची रचना आठवली तर हे चुकत नाही. वाचन पुढे गेल्यावर असेही दिसेल की संवादात ‘हजार’ हा शब्द बहुधा गाळतात आणि भाजीवाली नुसते ‘दहा’ म्हणते. तेथे भाव दहा डाँग आहे असे कोणी समजू नये.

‘तअ’ या छोट्या शब्दाकडेही लक्ष द्यावे. तो कागदासारख्या पातळ वस्तूसाठीचा गणनशब्द आहे, म्हणून ‘नोट’ असा वेगळा शब्द नसतानाही लानच्या हातात नोट आहे हे कळते.

चौथी पायरी: सूर आणि टंकलेखन

शेवटचे वाचन मोठ्याने करावे. त्याआधी गोष्टीतील सुमारे दहा शब्द स्वतः टंकून पाहावेत, कारण टंकताना प्रत्येक चिन्हासाठी वेगळी कळ दाबावी लागते आणि नजरेतून निसटलेले चिन्ह तेथे पकडले जाते. टेलेक्स पद्धतीत साध्या इंग्रजी कळफलकावर हे असे टंकतात:

```
cho    cho    देणे; -साठी
chos   chó    कुत्रा
chowj  chợ    बाजार
chowf  chờ    वाट पाहणे
```

यात `s` चढता सूर देते, `f` उतरता, `j` खालचे टिंब, आणि `w` स्वराला शेंडी लावते. शेंडीमुळे स्वरच बदलतो, त्यामुळे बाजार आणि कुत्रा या दोन शब्दांत सूर आणि स्वर असे दोन फरक आहेत. शब्दकोशात चिन्हांशिवाय शोधले तर हे चारही शब्द एकाच यादीत येतात, आणि मध्यम पातळीचा वाचक घाईत पहिला अर्थ उचलतो. ‘त’ आणि ‘थ’ यांतील भेद मात्र आपल्याला आयता मिळालेला आहे, कारण व्हिएतनामीत `t` म्हणजे ‘त’ आणि `th` म्हणजे ‘थ’ असाच हिशेब आहे.

मोठ्याने वाचताना ‘दि’ हा शब्द दोनदा येईल. लान आजीबरोबर जाते तेथे तो ‘जाणे’ आहे. ‘भवानी करा ना’ या विनवणीच्या शेवटी मात्र तो केवळ आग्रह दाखवतो, आणि तेथे ‘जा’ असा अर्थ लावला तर भाजीवाली आजीला हाकलते आहे असे वाटेल. शब्द तोच, सूरही तोच, फक्त वाक्यातली जागा वेगळी. क्रियापदानंतर वाक्याच्या अगदी टोकाला आलेला ‘दि’ आग्रहाचा असण्याची शक्यता अधिक, एवढे ध्यानात ठेवावे.

गोष्ट पक्की झाल्यावर तिचा दुसरा तुकडा दक्षिणेकडे, समजा कांथोच्या बाजारात, नेऊन लिहावा. जुडीसाठी उत्तरेतला चढत्या सुराचा ‘मअ’, जो ‘उघडणे’हून वेगळा आहे, जाऊन ‘बो’ येईल, हजारासाठी ‘न्गिन’ऐवजी ‘न्गान’ येईल, आणि भाजीवाली आजीसमोर स्वतःला ‘चाउ’ऐवजी ‘कॉन’ म्हणेल.

```
– Dạ, mười ngàn. Bà mở hàng cho con đi!
```

‘कॉन’ म्हणजे मूळचे अपत्य, आणि तोच शब्द प्राणी मोजतानाही लावतात. म्हणून दक्षिणेकडील गोष्टीत भाजीच्या शेजारी मासळीवाली बसलेली असेल, तर प्रत्येक ‘कॉन’पाशी थांबून त्याच्या पुढचा शब्द पाहावा: पुढे मासा किंवा खेकडा असेल तर तो मोजण्याचा शब्द आहे, आणि पुढे क्रियापद असेल तर कोणीतरी स्वतःबद्दल किंवा समोरच्या धाकट्याबद्दल बोलते आहे.